ऊन लागतं आज, रंग येतो परवा

शहापूर-मुरबाडच्या शेतात उन्हाने रापलेल्या हातावर जो रंग चढतो, तो पेशींना झालेल्या इजेला शरीराने दिलेला जबाब असतो. हा जबाब तयार व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि तो अपुरा असतो.

मे महिन्याच्या मध्याला मुरबाड किंवा शहापूरला भर दुपारी काठी सरळ उभी केली, तर काही क्षण तिची सावली दिसेनाशी होते. दोन्ही तालुके १९ अंश उत्तर अक्षांशाच्या थोडे वर आहेत, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा इथल्या माथ्यावरून जातो. पहिली खेप मेच्या मध्याला येते. तेव्हा शेतं कोरडी असतात आणि बांधांची डागडुजी चाललेली असते. दुसरी खेप जुलैच्या अखेरीस, आवणीच्या दिवसांत येते. तेव्हा आभाळ भरलेलं असतं, पण ढग विरळ झाले की अतिनील किरण त्यांतून बऱ्यापैकी खाली उतरतात.

सूर्य माथ्यावर असताना त्याच्या किरणांना हवेच्या थरातून सगळ्यांत जवळची वाट मिळते. ओझोन वायू अतिनील किरण गाळतो, पण वाटच छोटी असल्याने गाळणी कमी होते. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्या कामाचे आहेत. यूव्हीबी हे प्रमाणाने थोडे, पण ताकदवान. ते बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरातच अडतात. यूव्हीए हे संख्येने कितीतरी अधिक आणि आणखी खोल जाणारे. रापण्याच्या गोष्टीत दोघांची कामं वेगळी आहेत.

पहिली दुपार

समजा, कल्याणच्या कॉलेजात शिकणारी एक मुलगी मेच्या सुट्टीत टोकावड्याजवळच्या आपल्या गावी आली. वर्षभर तिचे हात पूर्ण बाह्यांच्या आत होते. पहिल्याच दिवशी ती आईबरोबर अर्ध्या बाह्यांचा ड्रेस घालून बांधावर माती लावायला गेली आणि सकाळी १० ते दुपारी १ पर्यंत उन्हात राहिली.

घरी येईपर्यंत तिचे हात जरा काळवंडलेले दिसतात. आई म्हणते, एका दिवसात रापलीस. पण हा नवा रंग नव्हे. त्वचेत आधीपासून असलेल्या मेलॅनिनवर यूव्हीए पडलं की त्याचं ऑक्सिडीकरण होतं आणि ते गडद दिसू लागतं. मेलॅनिनचा एक कणही वाढलेला नसतो. ही काळसर झाक बरीचशी काही तासांत उतरते आणि तिच्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या उन्हापासून संरक्षण जवळजवळ मिळत नाही. खरी घडामोड डोळ्यांना न दिसणारी आहे, आणि ती पहिल्या काही मिनिटांतच सुरू झालेली असते.

त्वचेचा वरचा थर, म्हणजे बाह्यत्वचा, हातावर साधारण कागदाएवढा जाड असतो. त्यातल्या बहुसंख्य पेशींना केराटिनोसाइट म्हणतात. यूव्हीबीचा किरण अशा पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचला की तिथला डीएनए तो शोषून घेतो. डीएनएच्या साखळीत थायमिन नावाचे दोन घटक शेजारी शेजारी असतील तर ते एकमेकांना चिकटतात. या जोडगोळीला डायमर म्हणतात. सेकंदाच्या अतिसूक्ष्म भागात हे घडतं. डायमर झाला की त्या जागी साखळीला बाक येतो आणि पेशीला तिथला मजकूर नीट वाचता येत नाही. तीन तासांच्या कडक उन्हात एकेका पेशीत असे असंख्य डायमर होऊ शकतात.

पहिली रात्र

ही इजा पी५३ नावाच्या प्रथिनाच्या लक्षात येते. एरवी पेशी पी५३ तयार करते आणि लगेच मोडून टाकते, म्हणून ते थोडंच शिल्लक असतं. डीएनए दुखावला की ही मोडतोड थांबते आणि काही तासांत पी५३ साचत जातं. ते पेशीला विभाजनापासून रोखतं आणि दुरुस्तीला वेळ देतं. दुरुस्ती करणारी एन्झाइम्स डायमर असलेला साखळीचा तुकडा कापून काढतात आणि समोरच्या साखळीकडे पाहून तो पुन्हा भरतात. हे काम तासाभरात उरकणारं नाही. दिवस उलटून गेला तरी बरेचसे डायमर शिल्लक असतात. दुरुस्तीपलीकडे गेलेल्या पेशी स्वतःला संपवतात.

पी५३ आणखी एक काम करतं हे २००७ साली स्पष्ट झालं. बोस्टनमधल्या डेव्हिड फिशर यांच्या गटाने दाखवलं की, पी५३ केराटिनोसाइटमधलं पीओएमसी नावाचं जनुक थेट चालू करतं. ज्या उंदरांमध्ये पी५३ नव्हतं, त्यांच्या त्वचेवर अतिनील किरण सोडले तरी ती रापली नाही. पीओएमसीपासून बनलेल्या लांब प्रथिनाचे तुकडे होतात आणि त्यातला एक तुकडा म्हणजे अल्फा-एमएसएच हे संप्रेरक. ते पेशीबाहेर पडतं आणि शेजारच्या रंगपेशीकडे जातं.

रापण्याचा हुकूम असा एका पेशीकडून दुसरीकडे जातो. इजा होते ती मुख्यतः केराटिनोसाइटला, रंग बनवते ती रंगपेशी, म्हणजे मेलॅनोसाइट. ही बाह्यत्वचेच्या तळाशी बसलेली, फांद्या फुटलेली पेशी आहे. एक रंगपेशी आपल्या फांद्यांनी सुमारे ३६ केराटिनोसाइट पेशींपर्यंत पोचते. या पेशींची दाटी गोऱ्या आणि काळ्या माणसांत जवळपास सारखीच असते. फरक पडतो तो त्या बनवत असलेल्या मेलॅनिनच्या प्रकारात आणि प्रमाणात, तसंच मेलॅनिनच्या पिशव्यांच्या आकारात आणि त्या पुढे किती टिकतात यात.

तिसरा दिवस

रंगपेशीच्या आवरणावर एमसी१आर नावाचा ग्राहक असतो. अल्फा-एमएसएच त्याला येऊन बसलं की पेशीच्या आत सीएएमपी या निरोप्या रेणूचं प्रमाण वाढतं. त्यातून पुढे एमआयटीएफ हे प्रथिन वाढतं, आणि ते रंग बनवणाऱ्या एन्झाइमची जनुकं चालू करतं. या एन्झाइममधलं मुख्य म्हणजे टायरोसिनेज. आपल्या जेवणातल्या डाळी-दुधातून मिळणाऱ्या टायरोसिन या अमिनो आम्लापासून ते मेलॅनिनची पहिली पायरी बनवतं. पुढे दोन वाटा फुटतात. एका वाटेने तपकिरी-काळं युमेलॅनिन बनतं, दुसरीने लालसर पिवळं फिओमेलॅनिन. किरण अडवण्याचं काम मुख्यतः युमेलॅनिन करतं.

ग्राहकच बिघडलेला असेल तर काय होतं, हे लाल केसांच्या युरोपीय माणसांत दिसतं. त्यांच्यातल्या अनेकांचा एमसी१आर नीट काम करत नाही. निरोप येतो, पण आत पोचत नाही. त्यांची त्वचा लाल होते, सोलवटते, पण रापत नाही. २००६ साली अशाच उंदरांच्या त्वचेवर सीएएमपी वाढवणारा पदार्थ लावला, तेव्हा त्यांची त्वचा उन्हाशिवाय काळी झाली. म्हणजे रंग बनवण्याची तयारी पेशीत होती, अडलं होतं ते फक्त निरोपावर.

मेलॅनिन बनतं ते मेलॅनोसोम नावाच्या पिशव्यांत. पिकलेल्या पिशव्या रंगपेशीच्या फांद्यांच्या टोकाशी येतात आणि शेजारच्या केराटिनोसाइटमध्ये शिरतात. तिथे त्या कुठेही पसरत नाहीत. आवणीला वाकलेल्या बाईच्या पाठीवर जसं इरलं असतं, तशा त्या केंद्रकाच्या आकाशाकडच्या बाजूला एकत्र येतात आणि खालचा डीएनए झाकतात.

एवढ्या पायऱ्या व्हायला वेळ लागतो. म्हणून आपल्या मुलीच्या हातावर नवा रंग दिसू लागतो तो ४८ ते ७२ तासांनी, आणि पुढचे काही दिवस तो चढत राहतो. तेल अवीवच्या कार्मिट लेव्ही यांच्या गटाने २०१८ साली दाखवलं की, उन्हानंतर त्वचा आधी दुरुस्ती-बचावाची कामं करते आणि रंगाचं काम मागाहून. रोज अतिनील किरण दिले त्यापेक्षा एक दिवसाआड दिले तेव्हा त्वचा जास्त रापली.

मनगटापर्यंत काळा झालेला तिचा हात उलटा केला तर तळवा मात्र तसाच फिका असतो. तळव्याखालच्या पेशी डीकेके१ नावाचं प्रथिन सोडतात आणि ते रंगपेशींची वाढ व काम दाबून ठेवतं. शिवाय तळव्याची कातडी इतकी जाड असते की किरण खाली पोचतच नाहीत.

रंग किती वाचवतो?

फिलाडेल्फियात १९७९ साली झालेल्या मोजणीत गोऱ्या त्वचेच्या बाह्यथरातून सुमारे २४ टक्के यूव्हीबी आरपार गेलं, काळ्या आफ्रिकी वंशाच्या त्वचेतून सुमारे ७ टक्के. आपल्याकडचे सावळे-काळे वर्ण या दोहोंच्या मधे कुठेतरी येतात. ते जन्मजात संरक्षण झालं. रापण्याने त्यावर पडणारी भर लहान असते. यूव्हीबीने आलेला रंग साधारण एसपीएफ २ ते ४ एवढा, म्हणजे पोचणारे किरण निम्म्यावर किंवा फार तर पाव हिश्शावर आणणारा. शेतात दिवसभर उभं राहणाऱ्याला तो पुरत नाही.

मेलॅनिनची दुसरी बाजूही आहे. येल विद्यापीठातल्या डग्लस ब्रॅश यांच्या गटाने २०१५ साली दाखवलं की, यूव्हीएचा मारा थांबल्यानंतरही तीन तासांहून अधिक काळ रंगपेशींत नवे डायमर बनत राहतात. ऑक्सिडीकरण झालेल्या मेलॅनिनमध्ये साठलेली ऊर्जा डीएनएपर्यंत पोचते. सावलीत आलं म्हणजे इजा थांबली, असं नाही.

उतरणारा रंग आणि न उतरणारा

त्वचेच्या पेशी तळाशी जन्मतात, वर सरकतात आणि झडतात. या फेऱ्याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्यांच्याबरोबर मेलॅनिनही जातं. मुलगी जूनच्या मध्याला कॉलेजात परतली आणि पुन्हा पूर्ण बाह्या घालू लागली, तर जुलैअखेर तिचा हात बराचसा पूर्वीसारखा होतो. पार्लरमधलं 'डी-टॅन' वरची मेलेली कातडी थोडी लवकर काढतं, पण तळाच्या रंगपेशींना ते पोचत नाही. चिठ्ठीशिवाय मिळणारी स्टेरॉइडची मलमं मात्र त्वचा पातळ करतात आणि तिला उन्हापुढे आणखी उघडं पाडतात.

रापलेल्या रंगाची एक खूण आहे. त्याची कड कपड्याच्या कडेशी जुळते आणि ऊन टाळलं की तो काही आठवड्यांत उतरतो. दोन्ही गालांवर आणि कपाळावर सारखे डाग पडून ते महिनोन् महिने राहिले तर तो वांग असू शकतो. पांढरा डाग आजूबाजूची कातडी रापूनही पांढराच राहून भाजत असेल, तर तिथे रंगपेशी नसण्याची शक्यता आहे. दोन्हींसाठी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

बाकी उपाय साधे आहेत. शक्य तेवढं उघड्यावरचं काम १० च्या आधी आणि ४ नंतर करावं. भर दुपारी थांबणं शक्य नसेल, तर घट्ट विणीचा, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि मान झाकणारं टापर किंवा ओढणी घ्यावी. कापड किरणांना डीएनएपर्यंत पोचण्याआधीच अडवतं. मेलॅनिन तयार होतं ते डीएनए दुखावल्यावर.