सत्तर अक्षरांतलं आमंत्रण

साध्या फोनवर एकाच भागाच्या देवनागरी एसएमएसमध्ये फक्त 70 अक्षरं मावतात. काना, मात्रा, वेलांटीही वेगळ्या मोजल्या जातात. म्हणून नेत्रशिबिराच्या निरोपातून ‘सस्नेह निमंत्रण’ आधी गाळावं. उरतं ते असं:

‘बुधवार, सकाळी 9. मारुती मंदिर. डोळे तपासणी मोफत. जुना चष्मा आणा.’

मोकळ्या जागांसह हे 64 भरतं. ‘उद्या’ मात्र लिहू नये; आजीचा निरोप नातू दोन दिवसांनी वाचून दाखवतो, तेव्हा तो ‘उद्या’ उलटून गेलेला असतो. लिंक तर नकोच, ती उघडणार कशावर? रक्तातली साखर उपाशीपोटी तपासायची असेल, तर नुसतं ‘उपाशी या’ पुरत नाही. चहा कोण उपासात मोजतो! ‘चहाही नको, पाणी चालेल’ असं स्पष्ट लिहावं. त्यासाठी दुसरा एसएमएस गेला तरी चालेल.