पॅलेटचा दर एकच, खर्च मात्र वेगळा

पालघर-मनोर रस्त्यावरचं मासवण एका बाजूने मुंबई-अहमदाबाद महामार्गाला जवळ आणि दुसऱ्या बाजूने बोईसर-तारापूरच्या कारखान्यांना. रंग, रसायनं, औषधं, कापड असा माल तिथे सतत तयार होतो आणि प्रत्येक कारखान्याला तो आपल्या आवारात ठेवणं परवडत नाही. अशा पट्ट्यात दुसऱ्याचा माल सांभाळून देणाऱ्या गोदामाला काम मिळतं. पण दर सांगताना बहुतेक वेळा सगळ्यांना एकच आकडा सांगितला जातो: पॅलेटमागे महिन्याला इतके रुपये. तोट्याची सुरुवात इथेच होते.

समजावण्यापुरतं एक गोदाम घेऊ. भाडं, रॅक, विमा, वीज, पहारेकरी मिळून साठवणुकीचा महिन्याचा खर्च 7,20,000 रुपये. रॅकमध्ये जागा 2,000, पण ये-जा आणि मालाची वेगवेगळी मापं धरली तर नीट वापरता येतात 1,600. म्हणजे एका पॅलेटची साठवणूक 450 रुपये, दिवसाला 15. आज गोदामात 1,200 पॅलेट असले तरी भागायचं 1,600 नेच. 1,200 ने भागलं तर दर 600 होतो आणि रिकाम्या जागेचा खर्च असलेल्या ग्राहकावर पडतो. तो निघून गेला की दर आणखी चढतो. रिकामी जागा भरणं हे मालकाचं काम, ग्राहकाचं नव्हे.

आता हाताळणी. दहा माणसं, फोर्कलिफ्ट, तिचं चार्जिंग आणि देखभाल धरून खर्च 4,80,000. दहा जणांची 25 दिवसांची, रोज आठ तासांची मिनिटं होतात 1,20,000. चहा, जेवण, गाडीची वाट पाहणं वजा करून कामाची 80 टक्के, म्हणजे 96,000. एका मिनिटाला 5 रुपये पडले. असं मोजणं नवीन नाही. रॉबर्ट कॅप्लान आणि रॉबिन कूपर यांनी 1980 च्या दशकात कृतीनुसार खर्च मोजण्याची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटी बेस्ड कॉस्टिंगची पद्धत मांडली. 2004 मध्ये कॅप्लान आणि स्टीव्हन अँडरसन यांनी ती मिनिटांवर आणून सोपी केली.

घड्याळ घेऊन गोदामात उभं राहिलं तर, समजा, असं दिसतं: भरलेला पॅलेट उतरवून, मोजून, जागेवर ठेवायला सगळ्यांची मिळून 8 मिनिटं, तो काढून गाडीत चढवायला 7, एक खोका निवडून काढायला दीड, आणि एका चलानाला, ई-वे बिलासकट, 12.

आता दोन ग्राहक पाहा. दोघांचे प्रत्येकी 300 पॅलेट, महिन्याला प्रत्येकी 150 आत आणि तेवढाच माल बाहेर. पहिला रंगांचे ड्रम ठेवतो. दहा गाड्या येतात, दहा जातात, प्रत्येकीला एक चलान, पॅलेट जसाच्या तसा. त्याची मिनिटं 2,490, हाताळणी 12,450 रुपये. साठवणुकीसह खर्च 1,47,450, म्हणजे पॅलेटमागे 491.50.

दुसऱ्याचा मालही दहाच गाड्यांतून येतो, पण जातो खोक्याखोक्याने: 6,000 खोकी, 600 ऑर्डरी, प्रत्येकीला एक चलान. त्याची मिनिटं 17,520, हाताळणी 87,600 रुपये. साठवणुकीसह 2,22,600, पॅलेटमागे 742.

दोघांना 600 चा सरसकट दर लावला तर पहिल्याकडून 32,550 रुपये जास्त घेतले जातात आणि दुसऱ्यावर 42,600 रुपये बुडतात. पहिल्याला शेजारचं गोदाम स्वस्त पडतं, तो जातो. दुसरा खूश असतो, राहतो. गोदाम भरलेलं दिसतं आणि शिल्लक मात्र उरत नाही.

म्हणून दरपत्रक कृतीप्रमाणे लिहावं: साठवणूक दिवसाला 15, आवक पॅलेट 40, जावक पॅलेट 35, खोका 7.50, चलान 60, आणि त्यावर नफा. माथाडी कामगार वजनावर किंवा नगावर मजुरी घेतात. ती मजुरी आणि मंडळाची लेव्ही मिनिटांत न मिसळता ज्याचा माल त्याच्या नावे थेट लावावी. असं दरपत्रक दिलं की ग्राहकही वागणं बदलतो. दुसऱ्याने 600 ऑर्डरींच्या 300 केल्या तर 3,600 मिनिटं, म्हणजे 18,000 रुपये वाचतात.

हिशेब फसला की नाही, हे ओळखता येतं. सगळ्या ग्राहकांची मिनिटं महिनाअखेर जोडा. बेरीज 60,000 आली आणि माणसं तरी ओव्हरटाइम करत असतील, तर एखादी कृती यादीतून सुटली आहे: परत आलेला माल, पुन्हा लेबल लावणं, पावसाळ्यात भिजलेली खोकी बदलणं. बेरीज ओव्हरटाइमशिवायच 96,000 च्या वर गेली तर मिनिटं जास्त धरली आहेत. मिनिटं सुपरवायझरच्या अंदाजावर घेऊ नयेत. महिन्याच्या सुरुवातीचा शांत आठवडा आणि शेवटचा गर्दीचा आठवडा, दोन्ही मोजावेत. आणि कृती पाच-सहाच ठेवाव्यात. पन्नास ठेवल्या तर नोंदी ठेवायलाच वेगळा माणूस लागेल.

पुढचा करार नूतनीकरणाला येण्याआधी गोदाममालकाने एवढं मोजावं, आणि ग्राहकानेही एकच आकडा मान्य न करता त्यात कशाचे किती आहेत ते विचारावं.