हायलाइट्सचा पिवळेपणा आणि टोनर

काळ्याभोर केसांना ब्लीच लावलं की मूळ रंग उतरतो आणि खालची उष्ण छटा उघडी पडते. आधी तांबूस, मग नारिंगी, शेवटी पिवळी. पार्लरमध्ये हायलाइट्स धुतल्यावर टोनर लावतात तो ही छटा दाबण्यासाठी. पिवळ्यावर जांभळट, नारिंगीवर निळसर टोनर चालतो, कारण हे रंग एकमेकांना मारतात.

समजा, तुम्हाला फिकट बेज बटा हव्या आहेत, पण केस नारिंगीपर्यंतच उजळलेत. अशा वेळी कितीही टोनर लावला तरी बेज येणार नाही. फार तर मऊ तपकिरी येईल. टोनर छटा बदलतो, केस उजळत नाही. हे आधीच सांगणारी ब्यूटिशियन खरी जाणकार. टोनर साधारण पाच ते वीस मिनिटं ठेवतात आणि मधूनमधून एक बट पुसून रंग पाहतात. ब्लीचने कोरडी झालेली टोकं रंग पटकन शोषतात, म्हणून तीच आधी राखाडी दिसू लागतात.

ग्लॉसही बहुधा अशाच सौम्य रंगाचा असतो, पण त्याचा भर चकाकीवर. बिनरंगी ग्लॉसने छटा बदलत नाही, केस फक्त तुकतुकीत दिसतात. पांढरे केस मात्र दोन्हींनी नीट झाकले जात नाहीत.

परिणाम साधारण चार ते सहा आठवडे टिकतो. रोज शाम्पू, कडक ऊन किंवा जलतरण तलावातलं क्लोरीन असेल, तर पिवळेपणा त्याआधीच डोकावतो.