गाइडना पाठवायची एका पानाची चिठ्ठी

‘मॅडम, सगळी करेक्शन्स केली आहेत, फाइल जोडली आहे.’ पीएच.डी.चे बरेच विद्यार्थी दुरुस्त मसुद्यासोबत एवढंच लिहून मोकळे होतात. मांडणीच्या दुरुस्त्या असतील तर ही ओळ गाइडच्या काहीच कामाची नसते. समास, फॉन्ट, तक्ते, पान क्रमांक बदलले की सगळा प्रबंध हलतो, आणि छापील प्रत हातात घेणाऱ्याला नेमकं काय बदललं ते कळायला मार्ग नसतो. मजकूरही बदलला का, या शंकेपायी मग सगळं पुन्हा वाचावं लागतं.

समजा, ग्रामीण बाजारांवरचा भूगोलाचा प्रबंध आहे. त्यासोबतची चिठ्ठी अशी असू शकते:

‘आदरणीय मॅडम, सादर नमस्कार. प्रकरण 1 ते 5 ची मांडणी दुरुस्त करून पाठवत आहे. डावा समास एक इंचावरून दीड इंच केला, त्यामुळे पानं 200 वरून 218 झाली. आपले शेरे जुन्या पानांवर आहेत, म्हणून प्रत्येकापुढे नवं पान लिहिलं आहे. तक्ता 3.4 आडव्या पानावर घेतला, आकडे तेच आहेत. प्रकरण 2 मधल्या मुलाखती जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये आणल्या आणि मूळ प्रतीशी ताडून पाहिल्या. प्रकरण 5 च्या आशयाबद्दलच्या आपल्या सूचना अजून बाकी आहेत.’

यातली पानांची गोष्ट आधी पाहू. डावीकडे जास्त जागा सोडतात ती बाइंडिंगसाठी, नाहीतर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. ए-फोर कागद 8.27 इंच रुंद. दोन्ही बाजूंना एकेक इंच सोडला तर ओळीला 6.27 इंच मिळतात. डावा समास दीड इंच केला की 5.77 उरतात. म्हणजे ओळ आठ टक्क्यांनी आखडली. दोनशे पानांच्या प्रबंधात त्याची सतरा-अठरा पानं वाढतात. गाइडनी जुन्या प्रतीवर ‘पान 112, संदर्भ तपासा’ असं लिहिलं असेल तर तो परिच्छेद आता साधारण 122 वर असतो. जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी लिहून दिलं नाही, तर शोधाशोध गाइडच्या माथी येते.

आडव्या तक्त्याचा घोळ वेगळाच. प्रबंध बांधला की त्या तक्त्याची वरची कड शिवणीकडे जाते, तेव्हा दीड इंच तिथे सोडावा लागतो. तो सोडला आहे हे चिठ्ठीत आलं तर गाइडना पट्टी घेऊन बसावं लागत नाही.

खरी मेख मात्र जुन्या फॉन्टमध्ये आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मराठी मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतो. फॉन्ट त्यांना फक्त देवनागरीचं रूप देतो. नुसता फॉन्ट बदलला की पडद्यावर अगम्य चिन्हांची रांग उभी राहते. म्हणून कन्व्हर्टर वापरतात, आणि त्यात पहिली वेलांटी, रफार, जोडाक्षरं कधी जागा सोडतात. दिसायला ही मांडणीची दुरुस्ती, पण ती थेट मजकुराला हात घालते. मुलाखतीतलं माणसाचं बोलणं हा संशोधनाचा पुरावा असतो. त्यात एखादं अक्षर जरी बदललं तरी ते गाइडना माहीत हवं. माझ्या मते चिठ्ठीत एकच वाक्य लिहायला जागा असेल, तर ते याबद्दल असावं, आणि नेमक्या पानांसकट.

अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी ताजी करावी. वर्डमध्ये तिच्यावर क्लिक करून F9 दाबलं की दोन पर्याय येतात: फक्त पान क्रमांक, किंवा संपूर्ण अनुक्रमणिका. पहिला निवडला तर मथळ्यांचे शब्द जुनेच राहतात. त्यानंतर फाइलमध्ये `Error! Reference source not found.` हे वाक्य शोधावं. आधी उल्लेखलेला तक्ता किंवा मथळा खोडला गेला असेल तर ते मजकुराच्या मधोमध उमटतं आणि छापूनही येतं.

काय केलं नाही, हेही चिठ्ठीत यायलाच हवं. ‘प्रकरण 5 बाकी’ हे वाक्य लिहायला संकोच वाटतो खरा, पण ते नसेल तर गाइड अपूर्ण प्रकरण पूर्ण समजून वाचतात आणि तेच शेरे पुन्हा मारतात.

आणि चिठ्ठीसोबत वर्डच्या फाइलबरोबर पीडीएफही जोडा. तुमचा फॉन्ट गाइडच्या संगणकावर नसेल तर वर्ड दुसरा फॉन्ट लावतं, ओळी पुन्हा तुटतात आणि चिठ्ठीतले सगळे पान क्रमांक चुकीचे ठरतात.