औषधाचा हिशेब उसाच्या हप्त्याशी

उसाचे बिल हप्त्याहप्त्याने येते, मेडिकलचे मात्र महिन्याच्या महिन्याला. पावसाळ्यात हात आखडला, की घरातली म्हातारी कुणाला न सांगता गोळी अर्धी करून खाते. आमच्याच घरी असे झाले. आईला चक्कर आली, दवाखान्यात नेले, तर प्रेशर वाढलेले.

मग आम्ही हिशेब मांडला. साखरेची मेटफॉर्मिन ५०० एस.आर. दोन वेळा, प्रेशरची अॅम्लोडिपिन ५ एक वेळ. म्हणजे महिन्याला ६० आणि ३० गोळ्या. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घेतले आणि तालुक्याच्या जनऔषधी केंद्रात गेलो. अडीचशेचा खर्च शंभराच्या आत आला.

आता हप्ता जमा झाला, की तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम घेतो : १८० आणि ९०. नाव, मिलिग्रॅम व मुदत चिठ्ठीशी ताडून पाहतो. एस.आर.ची गोळी मोडायची नाही. तिच्यातले औषध पोटात सावकाश सुटायचे असते. पंधरा दिवसांच्या गोळ्या उरल्या, की पुन्हा केंद्र गाठतो, कारण तिथला माल कधी संपलेलाही असतो.

मात्र डोस अजून बदलत असेल तर महिन्याचेच औषध घ्यावे. फ्रीज नसेल तर इन्सुलिनचा साठा करूच नये.

आणि एक तारखेला गोळ्या मोजाव्यात. हिशेबापेक्षा जास्त उरल्या, तर समजावे, घरात कुणीतरी गुपचूप काटकसर करतंय.