मेल लॅपटॉपवर लिहिता, पण वाचला जातो फोनवर

आज माझाच एक फसलेला मेल सांगते.

शनिवारी कार्यक्रम होता आणि बॅनर छापायला टाकायचे होते. सरांची मंजुरी चारच्या आत हवी होती. मी दुपारी एकला मेल केला, विषय लिहिला ‘बॅनरबाबत’. सुरुवात अशी: ‘आशा आहे आपण कुशल असाल. मागच्या आठवड्यात आपलं जे बोलणं झालं त्या अनुषंगाने...’ मंजुरीचं वाक्य एकदम शेवटी.

सर दिवसभर बाहेर होते. मेल त्यांनी पाहिला, उघडला मात्र रात्री. दुसऱ्या दिवशी अर्जंटचा जादा दर मोजावा लागला.

चूक कुठे झाली? फोनच्या इनबॉक्समध्ये काय दिसतं बघा: नाव, विषय आणि मेलच्या सुरुवातीचे मोजके शब्द. माझे ते मोजके शब्द ‘आशा आहे’मध्येच संपले! घाई आहे हे सरांना कळणार कसं?

तोच मेल आता मी असा लिहीन. विषय: ‘आज ४ पर्यंत मंजुरी हवी – बॅनर छपाई’. मुदत आधी, कारण लांब विषयाची शेपटी फोनवर कापली जाते. आणि आत:

> सर, बॅनरच्या ९,४०० रुपयांच्या कोटेशनला आज दुपारी ४ पर्यंत मंजुरी हवी आहे. फक्त ‘ओके’ कळवलंत तरी चालेल.
>
> दोन ठिकाणी दर विचारले. दुसरीकडे ११,२०० सांगितले, म्हणून हे निवडलं.
>
> ४ नंतर ऑर्डर दिली तर शनिवारपर्यंत बॅनर मिळणार नाहीत.
>
> दोन्ही कोटेशन सोबत जोडली आहेत.

पहिल्या दोन वाक्यांत काम संपलं. पुढचं वाचलं नाही तरी सर उत्तर देऊ शकतात. आकडाही मेलमध्येच आहे, त्यासाठी पीडीएफ उघडायची गरज नाही.

आता पॅराग्राफ. लॅपटॉपवर पाच ओळींचा दिसणारा पॅरा फोनवर दहा-बारा ओळींचा होतो, अख्खा स्क्रीन भरतो. म्हणून दोन-तीन वाक्यं झाली की एक ओळ मोकळी सोडायची. पण ओळ दिसायला छान तुटावी म्हणून मध्येच एंटर दाबू नका हं! फोनवर त्या ओळी भलतीकडेच तुटतात, एक लांब, एक दोन शब्दांची. रुंद टेबलचंही तेच: एक तर अक्षरं बारीक होतात, नाहीतर बाजूला सरकवत बसावं लागतं. दोनच दर असतील तर सरळ वाक्यात लिहा.

अनोळखी माणसाला मेल असेल तर थेट मागणी उद्धट वाटू शकते. तिथे मी ‘नमस्कार, मी अमुक कामासंदर्भात लिहितेय’ एवढं एक वाक्य आधी टाकते, मागणी लगेच दुसऱ्या वाक्यात.

आणि दोन वेगवेगळ्या गोष्टी हव्या असतील तर? मी दोन मेल करते. एकाच मेलमध्ये दोन प्रश्न विचारले की उत्तर येतं ‘ओके’, आणि कशाला ओके ते विचारायला पुन्हा फोन करावा लागतो!