तीस टक्क्यांच्या नियमापलीकडचा इंडेक्स

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरवर काम करणाऱ्या बहुतेकांना एक नियम पाठ असतो: इंडेक्सचे फ्रॅगमेंटेशन ५ ते ३० टक्के असेल तर रीऑर्गनाइज, ३० च्या वर गेले की रीबिल्ड. हे आकडे पॉल रँडल यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये असताना दिले. लोकांना सुरुवात करायला काहीतरी हवे म्हणून ते अंदाजाने ठरवले होते, असे पुढे त्यांनीच सांगितले. तरीही हजारो सर्व्हरवर दर रविवारी रात्री याच आकड्यांवर काम चालते.

हा नियम कुठे फसतो ते एका ऑर्डरच्या टेबलात पाहू. सर्व्हर माहिती ८ किलोबाइटच्या पानांत ठेवतो. एक नोंद साधारण २०० बाइटची असेल तर पानावर ४० नोंदी बसतात, आणि दहा लाख नोंदींना २५ हजार पाने पुरतात. पण इथे किल्ली `NEWID()` ने तयार होते, म्हणजे नवी ऑर्डर रांगेच्या शेवटी न जाता कुठल्याही पानावर जाऊन पडते. ते पान भरलेले असेल तर सर्व्हर त्याचे दोन भाग करतो आणि अर्ध्या नोंदी नव्या पानावर हलवतो. असे होत होत पाने सरासरी ७० टक्केच भरलेली राहतात. तेवढ्याच नोंदींना आता ३६ हजार पाने लागतात, आणि ती मेमरीतही तेवढीच जागा अडवतात.

इथे रीऑर्गनाइज करणे चुकीचे आहे. ते टेबल चालू ठेवून होते आणि मध्येच थांबवले तरी झालेले काम वाया जात नाही, हे खरे. पण ते अर्धवट भरलेल्या पानांतल्या नोंदी एकत्र दाबून बसवते. गच्च भरलेल्या पानांत मात्र मोकळी जागा करून देत नाही. मग दुसऱ्या दिवशीच्या ऑर्डरी आल्या की पाने पुन्हा फुटू लागतात. रीबिल्ड इंडेक्स मुळापासून नव्याने बांधते आणि प्रत्येक पानात जागा राखून ठेवते:

```sql
ALTER INDEX PK_Orders ON dbo.Orders
REBUILD WITH (FILLFACTOR = 80);
```

आता पानावर ३२ नोंदी आहेत आणि आठांची जागा मोकळी आहे. रोज एक टक्का ऑर्डरी वाढत असतील तर ही जागा सरासरी सुमारे तीन आठवडे पुरते, म्हणून रीबिल्डही तेवढ्याच अंतराने करावे. मात्र त्यासाठी जवळपास इंडेक्सएवढीच जादा जागा लागते आणि लॉगही फुगतो. स्टँडर्ड आवृत्तीत तर टेबल तेवढा वेळ अडून राहते.

रीबिल्डनंतर क्वेरी वेगवान झाली तर श्रेय लगेच फ्रॅगमेंटेशनला देऊ नका. रीबिल्ड त्या इंडेक्सची स्टॅटिस्टिक्सही ताजी करते, रीऑर्गनाइज करत नाही. म्हणून आधी फक्त `UPDATE STATISTICS` चालवून पाहा. तेवढ्याने क्वेरी सुधारली, तर रविवारच्या यादीतून तो इंडेक्स काढून टाका.